मांजरीतल्या मेडिकलवाल्यांना आणि डॉक्टरांना: पाकिटाबरोबर बीपीचा आकडाही द्या

मांजरी बुद्रुकमधील सर्व औषध विक्रेते आणि दवाखान्यांतले डॉक्टर यांस,



आपलं गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं, पण आजारी पडल्यावर आपण पहिल्यांदा गाठतो तो अजूनही गल्लीच्या तोंडचा दवाखाना आणि त्याच्या शेजारचं मेडिकल. ताप असो की पाठदुखी, माणूस तुमच्याकडेच येतो. म्हणून हे पत्र महापालिकेला किंवा मोठ्या रुग्णालयांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आणि बरीच वर्षं काऊंटरच्या मागे उभा राहिलो. माझी मागणी एकच आहे. जे ग्राहक दर महिन्याला तुमच्याकडून बीपीची गोळी नेतात, त्यांचं बीपी गोळी देतानाच मोजा, आकडा आणि तारीख त्यांच्या कार्डावर लिहा, आणि ते कार्ड डॉक्टरांनी वाचावं अशी सोय दोघं मिळून करा.

आरोग्य शिबिरं आणि तपासण्यांची पॅकेजं आपल्याकडे कमी नाहीत. मंडप पडतो, रांग लागते, दोनशे माणसांचं बीपी एका सकाळी मोजलं जातं. ज्याचा आकडा जास्त निघतो त्याला डॉक्टरांना दाखवायला सांगतात, आणि तो दाखवतो की नाही हे पुढे कोणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 च्या पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी 24 टक्के आणि स्त्रियांपैकी 21 टक्के लोकांचं बीपी जास्त होतं किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. एवढी मोठी संख्या शोधायला मंडपाची गरज नाही. त्यातले कितीतरी जण आत्ताही तुमच्या काऊंटरसमोर उभे आहेत. गोळी सुरू झाल्यावर ती चालू राहते का आणि तिचा उपयोग होतो का, हे पाहणं जास्त अवघड आहे, आणि ते काम तुमच्या दोघांशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही.

का, ते एका ग्राहकाच्या हिशोबातून सांगतो. हा ग्राहक मी उदाहरणासाठी उभा केला आहे, पण असे लोक तुम्ही रोज पाहता. वय बावन्न, उपबाजारात भाजीचा माल उतरवून घ्यायचं काम. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपीन 5 मिलिग्रॅम, रोज एक गोळी, अशी चिठ्ठी दिली आहे. 1 जूनला त्याने तीस गोळ्या नेल्या. त्या 30 जूनला संपल्या. दोन दिवसांनी तो तुकोबांच्या पालखीबरोबर सोलापूर रस्त्याने निघाला आणि आषाढी करून परतला. पुढच्या तीस गोळ्या त्याने घेतल्या 22 जुलैला.

मेडिकलवाल्याच्या बिलांवर या दोन्ही तारखा आहेत. 1 जून ते 22 जुलै हे एक्कावन्न दिवस होतात आणि गोळ्या होत्या तीस. म्हणजे 1 ते 21 जुलै असे सलग एकवीस दिवस तो बिनगोळीचा होता. त्याला त्रास काही झाला नाही, कारण वाढलेलं बीपी बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. उलट गोळीविना आपण सगळी वारी चाललो, तेव्हा आता गोळीची गरज उरलेली नाही, असंच त्याच्या मनाने घेतलं असण्याची शक्यता जास्त.

22 जुलैलाच तो दवाखान्यात गेला असं धरू. डॉक्टरांनी बीपी मोजलं तर 164/98. गोळी घेता का, असं विचारल्यावर तो हो म्हणाला. हे खोटंही नाही, कारण आजच त्याने पाकीट घेतलं आहे. समोरच्या आकड्यावरून डॉक्टरांचा तर्क असा होतो की पाच मिलिग्रॅम पुरत नाही. ते डोस दुप्पट करतात किंवा दुसरी गोळी जोडतात. पुढच्या महिन्यात बायकोच्या धाकाने हा माणूस दोन्ही गोळ्या नेमाने घेतो, बीपी गरजेपेक्षा खाली जातं, आणि पहाटे क्रेट उचलून उभं राहताना त्याला अंधारी येते. मग तो दोन्ही गोळ्या सोडतो. यात डॉक्टरांची चूक नाही आणि दुकानदाराचीही नाही. एकाकडे बीपीचा आकडा होता, दुसऱ्याकडे गोळ्या नेल्याची तारीख होती, आणि या दोन गोष्टी कधी एका कागदावर आल्याच नाहीत.

त्या एका कागदासाठी हे पत्र आहे. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड पुरे. त्यावर चार रकाने: गोळ्या दिल्याची तारीख, किती गोळ्या दिल्या, त्या कधी संपतील ती तारीख, आणि आजचं बीपी. कार्ड ग्राहकाकडे राहील आणि त्याच नोंदी दुकानातल्या वहीतही राहतील. संपण्याची तारीख उलटून पाच दिवस गेले आणि ग्राहक आला नाही, तर वहीतल्या नंबरावर एक फोन करायचा. 22 जुलैला वरचा ग्राहक हे कार्ड घेऊन दवाखान्यात गेला असता, तर डॉक्टरांना एकवीस दिवसांची खाच दिसली असती. तशा वेळी डोस न वाढवता तीच गोळी नेमाने घ्यायला सांगून महिन्याने पुन्हा मोजायचं, असा निर्णय त्यांना घेता आला असता. आणि 1 जूनला संपण्याची तारीख लिहितानाच दुकानातून वारीची विचारणा झाली असती, तर वारीच्या पिशवीत एक जादा पाकीट गेलं असतं.

ही कल्पना माझी नाही. 2018 पासून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने सरकारी दवाखान्यांत जवळपास हेच केलं. महाराष्ट्रात तो आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत सुरू झाला. ठरलेली मोजकी औषधं, तीस दिवसांच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचं उपचारकार्ड, आणि जो आला नाही त्याला आठवण. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पण तो सरकारी केंद्रांचा उपक्रम. मांजरीतला कामगार, रिक्षावाला, सोसायटीतली आजी यांतले बरेच जण खासगी दवाखान्यात दाखवतात आणि खासगी मेडिकलमधून गोळ्या घेतात. त्यांना आठवण करून देणारं कोणी नाही.

आता मोजण्याबद्दल. चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा. बाजूला मोटरसायकल लावून, हेल्मेट काखेत धरून आलेल्या माणसाचा दंड काऊंटरवर ओढून मोजलेलं बीपी कोणाच्या उपयोगाचं नाही. दुकानात पाठीची एक खुर्ची ठेवा. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्या, तेवढ्यात त्याच्या गोळ्या काढून होतात. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर अशा उंचीला की पट्टा छातीच्या पातळीत येईल. हात खाली लोंबत असला तर आकडा सहज दहाने वाढतो. बाही वर गुंडाळून आवळू नका, ती काढून पट्टा उघड्या दंडावर बांधा. मोजताना बोलायचं नाही, तुम्हीही नाही आणि तोही नाही. गेल्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा विडी झाली असेल तर थांबायला सांगा, आणि लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगा.

पहिला आकडा बहुधा जास्तच येतो. म्हणून एकेक मिनिट थांबून तीनदा मोजा, पहिला सोडा आणि पुढच्या दोनांची सरासरी लिहा. आपल्या ग्राहकाचे आकडे समजा 172/100, मग 162/98, मग 166/98 आले, तर कार्डावर 164/98 जाईल. गर्दीच्या वेळी एवढं जमणार नाही हे मला माहीत आहे. दुपारी दोन ते पाच दुकान रिकामं असतं. बीपीच्या ग्राहकांना ती वेळ सांगा.

यंत्र दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. सोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडाला चालतो. जाड दंडावर तोच ओढूनताणून बांधला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून मोठा पट्टाही विकत घ्या. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं मोजून ज्याचा जास्त येईल तो हात कार्डावर लिहा आणि पुढे तोच वापरा. सहा महिन्यांनी एकदा तुमचं यंत्र शेजारच्या डॉक्टरांकडे न्या आणि एकाच माणसावर दोन्ही यंत्रं आळीपाळीने लावून पाहा. चारपाच माणसांत सतत दहाच्या आसपास फरक दिसला तर यंत्र दुरुस्तीला द्या. एखाद्याच्या बाबतीत यंत्र पुन्हा पुन्हा चूक दाखवत असेल किंवा नाडीचे ठोके अनियमित लागत असतील, तर आकडा लिहू नका. हृदयाचे ठोके बिघडलेल्या माणसात ही यंत्रं फसतात, आणि तो बिघाड हीच डॉक्टरांकडे जायची गोष्ट आहे.

आकडा मोठ्याने सांगू नका. रांगेतल्या शेजाऱ्याला तो कळायचं कारण नाही.

पुढचा मुद्दा खास औषध विक्रेत्यांसाठी आहे, कारण तो फक्त तुम्हालाच दिसतो. बीपीच्या गोळ्या नेणारा हाच माणूस गुडघ्यांसाठी तुमच्याकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नेतो. वेदनाशामकांचा हा गट शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, बीपी वाढवतो आणि बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा परिणाम बोथट करतो. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर हे वेदनाशामक असं त्रिकूट जमलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, विशेषतः उन्हात राबणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या वयस्कर माणसाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेदनाशामक नसतंच, ते सुटं नेलेलं असतं. म्हणून आकडा वाढलेला दिसला की गोळी चुकली का हे विचारा आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: अंगदुखीचं काय घेता? सर्दीच्या गोळ्या, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीचा सोडा यांचीही चौकशी करा, कारण फसफसणाऱ्या औषधांत सोडियम भरपूर असतं. खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतलं तर तेही बीपी वाढवतं.

याच्या उलटही घडतं. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्या काही जणांना कोरडा खोकला लागतो, आणि तो महिनोन्महिने राहतो. माणूस तुमच्याकडून खोकल्याची बाटली नेतो, मग दुसरी, मग तिसरी. खोकल्याचं कारण तुम्हीच दिलेल्या पाकिटात आहे, हे तुमच्या लक्षात आलं पाहिजे. अ‍ॅम्लोडिपीनने काहींच्या घोट्यांना सूज येते आणि ते घाबरून गोळी बंद करतात. दोन्ही बाबतींत तुम्ही गोळी बदलायची नाही आणि बंद करायला सांगायचं नाही. कार्डावर ‘कोरडा खोकला, दोन महिने’ एवढं लिहून डॉक्टरांकडे पाठवायचं. त्यांच्याकडे दुसऱ्या गटाची औषधं आहेत.

आता कायदा. बीपीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वीची, घड्या पडून फाटलेली चिठ्ठी किंवा रिकामं पाकीट दाखवून गोळ्या मिळतात, आणि म्हणून डॉक्टरांकडे परत जायचं कारण उरत नाही. पण औषध नियमावली, 1945 च्या नियम 65 मध्येच यावर चांगली वाट आहे. चिठ्ठी पुन्हा वापरायची नाही हा मूळ नियम, पण औषध किती वेळा आणि किती अंतराने द्यायचं हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं असेल तर त्याप्रमाणे देता येतं. दुकानदाराने दर वेळी चिठ्ठीवर आपल्या दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. डॉक्टरसाहेब, ही वाट तुमच्या हातात आहे. ज्याचं बीपी आटोक्यात आलं आहे, त्याच्या चिठ्ठीवर साधारण असं लिहा: ‘ही गोळी दर 30 दिवसांनी, एकूण तीन वेळा द्यावी. दर वेळी बीपी मोजून कार्डावर लिहावं. 160 किंवा 100 च्या वर गेल्यास, किंवा चक्कर येऊन वरचा आकडा 110 च्या खाली असल्यास माझ्याकडे पाठवावं.’ आकडे माणूस पाहून तुम्ही ठरवा. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा आधी झटका येऊन गेलेल्याला तुम्ही कडक मर्यादा घालाल. ज्याचं अजून आटोक्यात नाही त्याला मात्र दर महिन्याला स्वतःच बोलवा.

यामुळे आपला रोगी दुकानदाराच्या हातात जाईल, अशी धास्ती काही डॉक्टरांना वाटेल. जे घडेल ते वेगळं आहे. जो आज दोन वर्षं फिरकत नाही, तो तीन महिन्यांनी तीन नोंदी घेऊन तुमच्यासमोर येईल, कारण चौथं पाकीट त्याला मिळणार नाही. दुकानदारांनाही हिशोब सांगतो. एक्कावन्न दिवसांनी पाकीट नेणारा वर्षात सात पाकिटं नेतो, तीस दिवसांनी नेणारा बारा. खुर्ची, दोन पट्टे आणि यंत्राचा खर्च यातून निघतो, त्यामुळे मोजण्याचे पैसे नेहमीच्या ग्राहकाकडून घेऊ नका.

औषध विक्रेत्याने बीपीत लक्ष घातलं की काय होतं, याचा मोठा पुरावा अमेरिकेतून आला आहे. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांतल्या 319 गिऱ्हाइकांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. काही दुकानांत प्रशिक्षित फार्मासिस्ट येऊन बीपी मोजत आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषधं देत. बाकी दुकानांत कारागीर फक्त सल्ला देत आणि डॉक्टरांकडे जायला सांगत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी 27 ने उतरला, दुसऱ्याचा सुमारे 9 ने. पण तिथल्या फार्मासिस्टला औषध लिहायचा अधिकार होता. आपल्याकडे तो नाही, म्हणून तेवढ्या उताराची अपेक्षा धरू नये. आपल्याकडे फरक पडेल तो डॉक्टर त्या कार्डाकडे पाहतील तेवढाच.

दोन ठिकाणी सांभाळा. कोणाचा आकडा 180/110 किंवा त्याहून जास्त आला, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच राहिला आणि त्रास काही नसेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, अचानक कमी दिसणं किंवा असह्य डोकेदुखी यांतलं काही असेल, तर आकडा कितीही असो, 108 ला फोन करून थेट रुग्णालय. अशा वेळी निफेडिपीनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती कृपा करून बंद करा. त्याने बीपी एकदम कोसळतं आणि मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटून झटका येऊ शकतो.

दुसरं म्हणजे काऊंटरवर कोण आहे. परवान्यावरचा फार्मासिस्ट दुकानात नसेल आणि बारावी झालेला मुलगा पाकिटं देत असेल, तर त्या दुकानाने हे काम अंगावर घेऊ नये. मोजायला तो मुलगाही शिकेल. पण वेदनाशामक आणि बीपीची गोळी एकाच पिशवीत जाताना थांबवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि फार्मसी प्रॅक्टिस नियमावली, 2015 नुसार ग्राहकाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्यच आहे.

सगळ्या गावाने एकदम सुरुवात करायची गरज नाही. शेजारशेजारचा एक दवाखाना आणि एक मेडिकल यांनी मिळून आपले वीस ग्राहक निवडावेत आणि येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून कार्डं भरावीत. तीन महिन्यांनी दोघांनी बसून तीनच गोष्टी मोजाव्यात: वीसपैकी किती जणांनी तिन्ही वेळा वेळेवर गोळ्या नेल्या, किती जणांचं बीपी 140/90 च्या खाली आलं, आणि किती जणांच्या औषधात कार्ड पाहून बदल झाला. तो हिशोब आपल्या गावातल्या इतर दुकानदारांना आणि डॉक्टरांना दाखवा. कार्डाचा नमुना मी करून द्यायला तयार आहे, आणि पहिल्या आठवड्यात दुपारी दुकानात बसून मोजायलाही येईन. कोणी सुरू करणार असेल तर मला कळवा.

आपला,
मांजरी बुद्रुकचा एक रहिवासी